वेष्टन उघडताना : श्रुतपंचमी, कसर आणि अहिंसा

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला षट्खंडागमाच्या पूर्णतेचे स्मरण करून दिगंबर मंदिरांतील शास्त्रभांडारे उघडली जातात. पोथ्यांची जुनी वेष्टने सोडून नवी बांधली जातात. अशा वेळी एखाद्या पोथीतून पिठासारखी भुकटी गळते आणि पानांना आरपार छिद्रे दिसतात. पोथी वाचवायची तर कीटक मारावेत काय, हा श्रावकापुढील खरा पेच असतो.

प्रथम छिद्रे जुनी की नवी, हे ठरवावे. पाने हलक्या मऊ कुंचल्याने झाडून पोथी पांढऱ्या कागदावर, इतर पोथ्यांपासून दूर, कोरड्या कपाटात ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भुकटी पडली नाही, तर कीटक बहुधा केव्हाच निघून गेला आहे आणि कोणताही उपचार नको. भुकटी पुन्हा पडली, तर भुंगेऱ्याच्या अळ्या पानांच्या आत आहेत व कुंचल्याने त्या बाहेर येणार नाहीत. तज्ज्ञांकडील अतिशीत पेटी किंवा प्राणवायूविरहित आवरण या उपायांनी अळ्या मरतात. हे सांगूनच विश्वस्तांनी निर्णय घ्यावा. डांबरगोळ्यांनी हा पेच सुटत नाही. त्यांची वाफ कीटकांप्रमाणेच वाचकालाही अपायकारक असते.

म्हणून यत्नाचार आधीच हवा. हातकागदाला लावलेली खळ हे कसरीचे खाद्य आहे आणि दमट हवा तिला मानवते. भांडारातील सापेक्ष आर्द्रता शक्यतो ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली, तर कसर व बुरशी दोन्ही सहसा वाढत नाहीत. आर्द्रतामापक कपाटाच्या आत ठेवून रोज नोंद करावी. कपाट ओलसर भिंतीपासून वीतभर दूर असावे.

मात्र अति कोरडेपणाही घातकच. उन्हात टाकलेले ताडपत्र वाकते, ठिसूळ होते आणि शाई पोपडे धरून सुटते. त्यामुळे पोथ्यांना सावलीतील वाराच द्यावा. श्रुतपंचमीपूर्वीच पाऊस सुरू झाला असेल, तर बांधलेल्या वेष्टनांचे पूजन करून पोथ्या उघडण्याचे काम कार्तिकातील कोरड्या हवेपर्यंत पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते.

हाताळताना ताडपत्र एका टोकाला धरून उचलू नये. खाली पुठ्ठा सरकवून ते दोन्ही हातांनी तोलावे. चिकटलेली पाने सुरीने सोडवू नयेत. दक्षिणेत लेखणीने कोरलेल्या ताडपत्रांना गवती चहाचे तेल लावण्याची रीत आहे. शाईने लिहिलेल्या पत्रांना किंवा कागदाला ते लावल्यास अक्षरे पुसट होतात व डाग पडतात.

कागदी पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर दिसणारा पिवळा लेप बहुधा हरताळाचा असतो. त्यात सोमल असतो. म्हणून बोट ओले करून पान उलटू नये आणि पोथी पुन्हा बांधून झाल्यावर हात धुवावेत.