‘सेटलमेंट फेल’ : पैसे नक्की कुठे अडकतात?

साउंडबॉक्स ‘दोनशे रुपये प्राप्त झाले’ म्हणाला की पैसे आपल्या बँक खात्यात पोचले, असा सर्रास समज आहे. ज्या क्यूआरचे पैसे ॲप दिवसभर गोळा करून नंतर एकरकमी पाठवतं, तिथे हा समज खरा नाही. ग्राहकाच्या बँकेतून निघालेली रक्कम आधी पेमेंट कंपनीने बँकेत उघडलेल्या एस्क्रो खात्यात जाते. हे खातं कंपनीच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवावं लागतं. तिथून दिवसाचा हिशेब करून, साउंडबॉक्सचं भाडं किंवा ॲपवरून घेतलेल्या कर्जाचा हप्ता असेल तर तो वळता करून, उरलेली रक्कम एनईएफटी किंवा आयएमपीएसने दुकानदाराच्या खात्यात पाठवली जाते. ‘सेटलमेंट फेल’ होतं ते या दुसऱ्या टप्प्यात. तरीही तक्रारीसोबत पुरावा जोडला जातो तो पहिल्या टप्प्याचा : ग्राहकाच्या मोबाइलवरचे स्क्रीनशॉट, ‘पेमेंट सक्सेसफुल’चे मेसेज. ग्राहकाने पैसे दिले याबद्दल ॲपचा वादच नसतो. मग ‘आपली रक्कम सुरक्षित आहे, कृपया प्रतीक्षा करा’ असं छापील उत्तर येतं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरंही असतं!

दुसऱ्या टप्प्यातही दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडू शकतात. एक म्हणजे ॲपने पैसे पाठवलेच नाहीत. केवायसीची कागदपत्रं अपुरी आहेत, खातेदाराचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळत नाही किंवा एखाद्या व्यवहारावर संशय आहे, म्हणून रक्कम रोखून धरली. दुसरी म्हणजे ॲपने पाठवले, पण दुकानदाराच्या बँकेने ते परत केले. ॲपच्या पडद्यावर दोन्हीला एकच लाल शब्द दिसतो. फरक कळतो तो यूटीआर क्रमांकावरून, म्हणजे बँकांमधल्या त्या हस्तांतरणाच्या ओळख-क्रमांकावरून. तो नसेल तर पैसे बहुधा एस्क्रोतून हललेलेच नसतात. तो असेल तर रक्कम बँकेच्या दारापर्यंत जाऊन आली, आणि परत करताना बँकेने कारण कळवलेलं असतं. तक्रारपत्राने मागायची मुख्य गोष्ट हीच : प्रत्येक अडकलेल्या रकमेचा यूटीआर आणि परत आल्याचं कारण.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : ‘खातं तेच, आयएफएससी तोच, परवा पैसे आले आणि काल नाहीत, म्हणजे चूक ॲपचीच.’ हा तर्क सरळ वाटतो, पण तो टिकत नाही. समजा, झेरॉक्स-स्टेशनरीचं एक दुकान आहे आणि क्यूआरवर रोज सरासरी 1,800 रुपये येतात. मालकाने बँक खातं मोबाइलवरूनच, आधारच्या ओटीपीवर उघडलं आहे; शाखेत जाऊन किंवा व्हिडिओ कॉलवर पूर्ण केवायसी केलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा खात्यात एका आर्थिक वर्षात एकूण 2 लाख रुपयांपेक्षा जास्त जमा होऊ शकत नाहीत आणि शिल्लक 1 लाखावर जाऊ शकत नाही. रोजच्या 1,800 रुपयांनी 111 दिवसांत 1,99,800 रुपये होतात. म्हणजे एप्रिलपासून सुरळीत चाललेलं सेटलमेंट जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एकाएकी बंद पडतं. भिशीचे किंवा नातेवाइकांनी पाठवलेले पैसेही याच मर्यादेत मोजले जातात, तेव्हा प्रत्यक्षात ते आधीच बंद पडेल. शिल्लकेच्या मर्यादेचा खेळ आणखी फसवा आहे. मालक पैसे खात्यातच साठू देत असेल तर लाखाजवळ रक्कम परत जाते. त्याने घाऊक व्यापाऱ्याचं बिल भागवलं की दुसऱ्या दिवशी सेटलमेंट बिनबोभाट होतं. पुढे पुन्हा अडतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा ॲपचा लहरीपणा वाटेल. म्हणून पासबुक काढून, अडकलेल्या दिवशी शिल्लक किती होती आणि 1 एप्रिलपासून एकूण जमा किती झाली, हे दोन आकडे आधी पाहावेत. ते मर्यादेला टेकलेले दिसले तर पत्र ॲपला लिहून भागणार नाही, पूर्ण केवायसीसाठी बँकेत जावं लागेल.

‘सुट्टी होती म्हणून पैसे आले नसतील’ हा समज जुन्या काळातला आहे. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून वर्षभर चोवीस तास चालतं. पैसे घेणाऱ्या बँकेने संबंधित बॅच संपल्यापासून दोन तासांत रक्कम जमा करायची किंवा परत पाठवायची असते. रविवारी सेटलमेंट न करण्याची अट ॲपच्या करारात असू शकते, तेवढी वाचून घ्यावी. पण तो करार झाला, बँकेची सुट्टी नव्हे.

भरपाईबद्दलचा गोंधळ त्याहून मोठा. ‘उशीर झाला की दिवसाला 100 रुपये’ हे वाक्य बऱ्याच तक्रारपत्रांत ठोकून दिलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात तो दर आहे खरा, पण यूपीआयच्या बाबतीत तो ज्याच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि व्यवहार पूर्ण झाला नाही त्या ग्राहकासाठी आहे. एस्क्रोतून दुकानदाराकडे येणाऱ्या रकमेला तो लावता येत नाही. एनईएफटीची रक्कम जमा करायला किंवा परत पाठवायला बँकेनेच उशीर केला, तर रेपो दर अधिक 2 टक्के व्याज मागता येतं. चुकीचा नियम उद्धृत केला की उत्तर देणाऱ्याला तेवढंच खोडून काढणं सोपं जातं.

हे सारं शोधणं दुकानदाराचं काम आहे का, असं कुणी विचारील. रास्त प्रश्न आहे. कारण सांगण्याची जबाबदारी ॲपचीच. पण कारण माहीत असलेली माणसं ग्राहक-सेवेच्या पहिल्या खिडकीवर बसत नाहीत, म्हणून पत्र असं लिहावं की ते पुढे पाठवण्यावाचून गत्यंतर राहू नये. मजकूर फार लागत नाही :

‘महोदय, माझ्या मर्चंट आयडीवरील 21, 22 व 24 जुलै या तारखांची सेटलमेंट अयशस्वी दाखवत आहेत. तारीखवार रकमा आणि त्याच दिवसांचा बँक उतारा सोबत जोडला आहे. प्रत्येक रकमेबाबत कळवावे : ती आपल्याकडून पाठवली गेली का, असल्यास यूटीआर व परतीचे कारण, नसल्यास कोणत्या कारणाने रोखली आहे. तक्रार क्रमांक द्यावा. आपला विश्वासू.’

हे चॅटमध्ये लिहिण्यापेक्षा तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ई-मेलवर पाठवावं. चॅट बंद झाली की हाती काही उरत नाही.

‘एवढं कशाला, थेट रिझर्व्ह बँकेकडेच जावं’ हा शेवटचा समज. लोकपाल योजनेत आधी संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार करावी लागते आणि उत्तर न आल्यास 30 दिवस थांबावं लागतं, त्यानंतरच cms.rbi.org.in वर अर्ज टिकतो. अडचण ‘संबंधित संस्था’ या शब्दांत आहे. पैसे बँकेने परत केले असतील आणि दुकानदार महिनाभर फक्त ॲपशी भांडला असेल, तर बँकेविरुद्धचे त्याचे 30 दिवस सुरूच झालेले नसतात. परतीचं कारण हाती आलं की त्याच दिवशी, तोच यूटीआर लिहून, दुसरं पत्र बँकेला द्यावं आणि पोच घ्यावी. दोष दुरुस्त झाल्यावर अडकलेल्या जुन्या रकमा आपोआप येतील असंही धरून चालू नये. त्या पुन्हा पाठवायला सांगून प्रत्येकीचा नवा यूटीआर उताऱ्याशी ताडून पाहावा.