ओसीटी रिपोर्ट: आकडा कमी म्हणजे डोळा चांगला का?

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग म्हणजे मॅक्युला. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही बारीक कामे याच भागावर चालतात. कांदा उभा कापल्यावर त्याचे थर दिसतात, तसे ओसीटी तपासणीत पडद्याचे थर दिसतात. त्यासाठी डोळा कापावा लागत नाही आणि यात एक्स-रेही नसतो. यंत्र फक्त प्रकाशाचा वापर करते, आणि तपासणी काही मिनिटांत होते.

रिपोर्टवर एका गोलात नऊ आकडे असतात. त्यांतला मधला आकडा म्हणजे मॅक्युलाच्या मध्यभागाची जाडी. ती मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारणपणे हा आकडा अडीचशेच्या आसपास असतो, पण यंत्रानुसार थोडा बदलतो.

एक उदाहरण पाहू. 72 वर्षांच्या आजोबांना बरीच वर्षे मधुमेह आहे. रिपोर्टमध्ये उजव्या डोळ्याचा आकडा 430 आणि डाव्याचा 190 आहे. आजोबा विचारतात, "डॉक्टर, डाव्यात सूज नाही, म्हणजे तो डोळा चांगला ना?"

उजव्या डोळ्यात रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून थरांमध्ये साचले आहे. चित्रात त्याच्या काळ्या पोकळ्या दिसतात. ही सूज आहे. डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी ती बऱ्याचदा उतरते. मात्र एका इंजेक्शनात काम होत नाही, सुरुवातीला दर महिन्याला इंजेक्शन घ्यावे लागते.

डाव्या डोळ्यात पूर्वी बराच काळ सूज होती. ती उतरली, पण तोपर्यंत पेशी झिजल्या आणि पडदा पातळ झाला. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची चित्रातली रेघ तुटक दिसते. येथे उतरवायला सूजच नाही, त्यामुळे इंजेक्शनाचा उपयोग नाही आणि गेलेली नजर चष्म्यानेही परत येत नाही. उजव्या डोळ्याचे असे होऊ नये, म्हणून त्याचे उपचार लांबवायचे नाहीत.

म्हणून डॉक्टर आकड्यासोबत चित्रही पाहतात. मोतीबिंदू दाट असेल किंवा डोळा हलला, तर चित्र धूसर येते आणि आकडा चुकू शकतो. शक्यतो दर वेळी त्याच प्रकारच्या यंत्रावर तपासणी करा आणि जुने रिपोर्ट सोबत आणा. रक्तपुरवठा कुठे बंद पडला आहे, हे साध्या ओसीटीत कळत नाही. त्यासाठी अँजिओग्राफी लागू शकते.

घरी चष्मा लावून एक डोळा झाका आणि दुसऱ्याने दाराची चौकट पाहा. मग डोळा बदला. सरळ कड अचानक वाकडी दिसली किंवा मध्ये काळा डाग आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा.