मुदत संपलेलं सर्टिफिकेट आणि उशिरा थांबलेले पैसे

समजा, औषधांचं वितरण करणारी एक कंपनी आहे. पुरवठादारांचे पैसे चुकते करण्याच्या सूचना तिचा सर्व्हर दिवसभर बँकेच्या सर्व्हरला पाठवत असतो. मध्ये माणूस नाही, पासवर्ड टाकायला स्क्रीनही नाही. मग समोरचा सर्व्हर खरंच त्या कंपनीचा आहे, हे बँकेने कसं ओळखायचं? त्यासाठी कंपनीच्या सर्व्हरवर क्लायंट सर्टिफिकेट नावाची छोटी फाइल ठेवलेली असते. जोडणी सुरू होताना, म्हणजे टीएलएस हँडशेकच्या वेळी, ती बँकेला दाखवली जाते. सोबत असलेल्या गुप्त किल्लीने सही करून ‘हे सर्टिफिकेट माझंच आहे’ हेही सिद्ध केलं जातं.

या सर्टिफिकेटला शेवटची तारीख असते आणि ती ग्रीनिच वेळेत लिहिलेली असते. आपल्या कंपनीच्या सर्टिफिकेटवर अशी नोंद आहे:

```
notAfter=Jun 14 23:59:59 2026 GMT
```

म्हणजे भारतात १५ जून, सोमवार, पहाटेचे ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद. पण साडेपाचला काहीच बंद पडत नाही. आठला पैसे जातात, दहालाही जातात. अकराला बिलाच्या नमुन्यात किरकोळ बदल करून सर्व्हर पुन्हा सुरू केला जातो आणि त्या क्षणापासून एकही व्यवहार होत नाही. साहजिकच सगळे त्या बदलावर तुटून पडतात. बदल मागे घेतला जातो, तरी फरक पडत नाही.

कारण सर्टिफिकेट तपासलं जातं ते हँडशेकच्या वेळी. दारावरचा पहारेकरी आत येणाऱ्याचा पास बघतो. आधीच आत बसलेल्याला उठवून विचारत नाही. पहाटेपूर्वी उघडलेल्या जोडण्या तशाच चालू राहिल्या आणि त्यांतून पैसे जात राहिले. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर त्या तुटल्या, नव्याने हँडशेक करावा लागला आणि तिथे नकार आला. मुदत संपणं आणि बिघाड दिसणं यांत असं काही तासांचं अंतर पडू शकतं. माझ्या मते या बिघाडात सर्वाधिक वेळ वाया जातो तो इथेच, कारण खरं कारण शोधायला कोणी तारखेकडे जातच नाही.

नकाराची भाषाही दर वेळी सरळ नसते. नीट सांगणारा सर्व्हर `certificate_expired` असा इशारा पाठवतो. त्याचा क्रमांक ४५. काही सर्व्हर नुसतं ‘सर्टिफिकेट चुकीचं’ म्हणतात. एनजिनएक्स वापरणाऱ्या ठिकाणी बऱ्याचदा ४०० क्रमांकाची त्रुटी येते, आणि आपण पाठवलेल्या मजकुरातच चूक असावी असं वाटतं. टीएलएस १.३ मध्ये तर आपल्या बाजूने हँडशेक पूर्ण झाल्यावर बँक सर्टिफिकेट तपासते. त्यामुळे आपल्या लॉगमध्ये ‘जोडणी झाली’ अशी नोंद दिसते आणि उत्तर वाचायला गेल्यावर नकार हाती येतो.

घाईत काही जण आपल्या प्रोग्राममधली सर्टिफिकेट तपासणीच बंद करतात. त्याने काहीही साधत नाही. ती तपासणी बँकेच्या सर्टिफिकेटची असते. आपलं सर्टिफिकेट नाकारते आहे बँक. उलट, समोर खरंच बँक आहे की आणखी कोणी, हे पाहणं मात्र थांबतं, आणि पैशांच्या व्यवहारात हा धोका फार मोठा आहे.

खरं तर निदान एका ओळीचं आहे:

```
openssl x509 -in client.pem -noout -enddate
```

मग ही तारीख आधीच कोणाच्या लक्षात का येत नाही? वेबसाइटचं सर्टिफिकेट बाहेरून कोणालाही दिसतं, त्यामुळे त्यावर लक्ष ठेवणारी साधनं भरपूर आहेत. क्लायंट सर्टिफिकेट मात्र सर्व्हरच्या एका फोल्डरमध्ये पडलेलं असतं. नूतनीकरणाची आठवण ज्याच्या ईमेलवर येते, तो कर्मचारी कधीच नोकरी सोडून गेलेला असू शकतो. म्हणून रोज एकदा ती फाइलच तपासावी:

```
openssl x509 -in client.pem -noout -checkend 3888000
```

हा आकडा सेकंदांत आहे, म्हणजे ४५ दिवस. तेवढ्या काळात मुदत संपणार असेल, तर ही आज्ञा तसं कळवते.

इतके दिवस हाताशी लागतात, कारण नवं सर्टिफिकेट मिळालं की काम संपत नाही. अनेक बँका ठरावीक सर्टिफिकेटचीच नोंद ठेवतात; नवं त्यांच्याकडे नोंदवून घ्यायला मंजुऱ्या लागतात. नवं सर्टिफिकेट कशासाठी दिलंय, तेही पाहावं लागतं. लेट्स एन्क्रिप्टसारख्या सार्वजनिक संस्थेने २०२६ मध्ये आपल्या नेहमीच्या सर्टिफिकेटांतून क्लायंट म्हणून ओळख पटवण्याची परवानगी काढून टाकली. असं सर्टिफिकेट बसवलं, तर तारीख ठीक असूनही नकार येऊ शकतो. म्हणून जुनं चालू असतानाच नवंही बँकेकडे नोंदवून घ्यावं, काही दिवस दोन्ही स्वीकारली जातील असं ठरवावं आणि मगच फाइल बदलावी. अनेक प्रोग्राम ती फाइल फक्त सुरू होतानाच वाचतात, त्यामुळे फाइल बदलल्यावर प्रोग्रामही पुन्हा सुरू करावा लागतो. मग नव्या जोडणीवर लहानशा रकमेचा एक व्यवहार करून पाहावा.