पडद्यावरील तुकडे आणि सलग टिपण

वर्गात पडद्यावर दाखविलेली स्लाइड आणि अभ्यासाचे टिपण ह्या भिन्न वस्तू होत. स्लाइड ही बोलणाऱ्या अध्यापकाचा आधार असते. वाक्यांतील क्रियापदे व उभयान्वयी अव्यये त्याच्या मुखातून येतात. तास संपला की ती लोपतात आणि विद्यार्थ्याच्या वहीत केवळ नामे उरतात. मराठी ध्वनिविचारावरील पुढील स्लाइड पाहू.

च, ज – दोन उच्चार
इ, ए, य – तालव्य
माझा / माझी
जग / जग
पूरक विनियोग?

ह्या ओळी 'आणि'ने जोडल्यास टिपण सलग दिसेल, परंतु ते चुकीचे ठरेल. तिसरी ओळ दुसरीचे उदाहरण आहे, तर चौथी तिला मर्यादा घालते. म्हणून प्रथम ही स्लाइड कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे पूर्ण वाक्यात लिहावे. येथे प्रश्न असा: 'च'चे वा 'ज'चे दोन उच्चार ही एकाच ध्वनिघटकाची रूपे, की दोन स्वतंत्र घटक? त्यानंतर प्रत्येक तुकड्याला क्रियापद द्यावे व मागील वाक्याशी त्याचे नाते ठरवावे. दुसऱ्या ओळीतील आडवी रेघ 'पुढे आल्यास' ह्या अटीची खूण आहे, हे उदाहरणावरूनच कळते.

तयार टिपण असे होईल: "मराठीत च, ज, झ ह्यांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार आहेत. पुढे इ, ए किंवा य आल्यास उच्चार तालव्य होतो. उदाहरणार्थ, 'माझा'मधील झ दंततालव्य, पण 'माझी'मधील तालव्य. एवढ्यावरून दोन्ही उच्चारांची स्थाने परस्परांना वर्ज्य आहेत, म्हणजे त्यांचा पूरक विनियोग आहे, असे वाटेल. तथापि 'जग' (विश्व) ह्यात ज तालव्य, तर 'जग' (जिवंत राहा) ह्यात दंततालव्य आहे. पुढे अ असताना दोन्ही उच्चार येतात आणि अर्थ बदलतो. म्हणून ते स्वतंत्र घटक मानावे लागतात."

पाच ओळींचे टिपण लांबले, ह्याची खंत नको. 'तथापि'च्या जागी 'म्हणून' घालून वाचावे. वाचणाऱ्यास काही खटकले नाही, तर विषय उमगलेला नाही असे समजावे.

सर्वांत अवघड ओळ चौथी. दोन्ही शब्दांचे लेखन एकच. भेद केवळ अध्यापकाच्या उच्चारात होता. त्यामुळे अर्थ व उच्चार कंसात नोंदविल्याविना ती ओळ महिन्याभरात निरर्थक होते. जो भेद आठवत नाही, तो तर्काने भरू नये. तेथे समासात प्रश्नचिन्ह करून पुढील तासास विचारावा.