नाणं आपल्या बाजूने, तरी खिसा रिकामा

व्हिक्टर हघानी आणि रिचर्ड ड्यूई यांनी २०१६ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. अर्थशास्त्र-वित्त शिकणारे विद्यार्थी आणि वित्त क्षेत्रातले तरुण नोकरदार अशा ६१ जणांना त्यांनी प्रत्येकी २५ डॉलर दिले आणि संगणकावरच्या नाण्यावर अर्धा तास डाव लावायला सांगितलं. नाण्याचा छापा पडण्याची शक्यता ६० टक्के आहे, हे आधीच सांगून टाकलं होतं. डाव केवढा लावायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बक्षिसाला २५० डॉलरची मर्यादा होती. खेळ उघडउघड खेळणाऱ्याच्या बाजूने झुकलेला होता, तरीही २८ टक्के लोक पार कफल्लक झाले. अठरा जणांनी तर कधी ना कधी हातातले सगळे पैसे एकाच फेकीवर लावले होते.

नशीब फिरलं म्हणून ते बुडाले, असं आपण सहज म्हणू. पण नशीब फिरणं ही या खेळातली नेहमीचीच गोष्ट आहे. ठरावीक सहा फेकींत सलग काटा पडण्याची शक्यता साधारण २४४ मध्ये एक आहे. ऐकायला ती नगण्य वाटते. मात्र अर्ध्या तासात सुमारे ३०० फेकी होऊ शकतात आणि हरण्याची मालिका त्यातल्या कुठूनही सुरू होऊ शकते. म्हणून ३०० फेकींत कुठेतरी सलग सहा पराभव येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त निघते. सलग पाच पराभव तर बहुतेकांच्या वाट्याला येतील.

या सहा पराभवांत कोणाचं काय होतं ते पाहू. हिशेब सोपा जावा म्हणून शंभर रुपये धरू. दर वेळी हातात असलेल्या रकमेचा दहावा भाग लावणाऱ्याकडे ५३ रुपये उरतात. पाचवा भाग लावणाऱ्याकडे २६ उरतात. निम्मे पैसे लावणाऱ्याकडे दीड रुपया उरतो, आणि सगळे लावणारा पहिल्याच काट्याला उठून जातो. नाणं तेच, वाईट काळही तेवढाच. फरक फक्त डावाच्या आकाराचा. शिवाय नुकसान भरून काढायचं गणित उतरणीच्या गणिताहून कठीण असतं. ५३ वरून शंभरावर यायला पैसे दुपटीपेक्षा थोडे कमी वाढले तरी पुरतं, पण दीड रुपयाचे शंभर करायला ते चौसष्ट पट व्हावे लागतात.

एवढा वाईट काळ आलाच नाही तर? समजा दहा फेकींत अगदी अपेक्षेप्रमाणे सहा छापे आणि चार काटे पडले. दहावा भाग लावणाऱ्याचे शंभराचे ११६ होतात, पाचवा भाग लावणाऱ्याचे १२२. चाळीस टक्के लावणाऱ्याकडे मात्र जेमतेम ९८ राहतात आणि निम्मे लावणाऱ्याकडे फक्त ७१. म्हणजे दहातले सहा डाव जिंकूनही हा माणूस तोट्यात! कारण पैसे निम्मे झाल्यावर पुढचा विजय त्या उरलेल्या निम्म्यावरच मोजला जातो.

सर्वांत वेगाने पैसा वाढवणारा डाव कोणता, याचं उत्तर बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी १९५६ मध्येच दिलं होतं. जेवढे लावले तेवढेच मिळणाऱ्या खेळात जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा करायची. साठ उणे चाळीस, म्हणजे वीस टक्के. त्यापुढे डाव वाढवला की जोखीम वाढते आणि पैशांची वाढ मंदावते. जवळपास दुप्पट झाला की वाढ थांबते, त्यापुढे पैसा आटतच जातो.

या सूत्राची गोम अशी, की त्याला जिंकण्याची खरी शक्यता माहीत असावी लागते. प्रयोगात ती सांगितलेली होती. शेअर बाजारात किंवा धंद्यात ती आपणच अंदाजाने ठरवतो, आणि स्वतःबद्दलचा अंदाज सहसा चढाच असतो. समजा आपण साठ टक्के धरले आणि प्रत्यक्षात शक्यता पंचावन्नच निघाली. मग योग्य डाव दहा टक्क्यांचा होता आणि आपण लावत होतो वीस. नेमका दुप्पट! फायद्याचा खेळ असूनही दीर्घकाळात हाती काहीच लागत नाही.

म्हणूनच जाणकार सूत्राने दिलेल्या आकड्याच्या निम्माच डाव लावतात. आपल्या उदाहरणात वीसऐवजी दहा टक्के. दहा फेकींत २२ ऐवजी १६ रुपये वाढतात, म्हणजे नफ्याचा साधारण पाव हिस्सा जातो. त्या बदल्यात सलग सहा काटे पडले तर हातात २६ नव्हे, ५३ रुपये असतात. आणि जिंकण्याची शक्यता पंचावन्नच होती असं पुढे कळलं, तर आपण आधीपासूनच योग्य डाव लावत होतो असं ठरतं.