दोनदा गुणलं की शून्य

२, −१, ४ आणि −२ हे चार आकडे दोन ओळींत मांडले की एक छोटं मॅट्रिक्स तयार होतं. त्याला A म्हणू.

```
A = | २  −१ |
    | ४  −२ |
```

यात एकही शून्य नाही. पण या मॅट्रिक्सला त्यानेच गुणून पाहा. पहिल्या ओळीचा पहिला आकडा येतो २×२ + (−१)×४, म्हणजे ४ − ४ = ०. दुसरा येतो २×(−१) + (−१)×(−२), म्हणजे −२ + २ = ०. खालच्या ओळीतही तेच होतं: ८ − ८ आणि −४ + ४. चारही जागी शून्य. A स्वतः शून्य नाही, पण A² शून्य आहे.

साध्या संख्यांच्या दुनियेत असं घडत नाही. शून्य नसलेली कोणतीही संख्या घ्या, तिचा वर्ग करा, घन करा, शंभरावा घात करा. उत्तर शून्य येणार नाही. मॅट्रिक्सना मात्र हे जमतं. ज्या मॅट्रिक्सचा कुठला ना कुठला घात शून्य होतो त्याला निलपोटंट मॅट्रिक्स म्हणतात. बीजगणितात हा शब्द रूढ झाला तो हार्वर्डचे गणितज्ञ बेंजामिन पर्स यांच्या १८७०च्या ग्रंथामुळे. संख्या आणि मॅट्रिक्स यांच्यातला हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी सिद्धता त्यावरच उभी आहे.

आता आयगेनव्हॅल्यूकडे वळू. मॅट्रिक्स एका सदिशाचं दुसऱ्या सदिशात रूपांतर करतं. आपल्या A ला (१, १) दिला तर तो (१, २) देतो. म्हणजे सदिशाची दिशा बदलली. बहुतेक सदिशांचं असंच होतं. पण काही सदिश आपली रेषा सोडत नाहीत. मॅट्रिक्स लागू केल्यावर ते फक्त लांब होतात, आखूड होतात किंवा उलटे फिरतात. असा शून्य नसलेला सदिश v असेल, आणि त्याचं v पासून λ पट झालं असेल, तर Av = λv. हा λ म्हणजे आयगेनव्हॅल्यू आणि v म्हणजे त्याचा आयगेनव्हेक्टर.

समजा, कुणी म्हणालं की आपल्या A ची एक आयगेनव्हॅल्यू ५ आहे. म्हणजे कुठला तरी v असा आहे की A लावल्यावर तो पाचपट होतो. मग A पुन्हा एकदा लावा. पाचपट झालेला v आणखी पाचपट होऊन २५v होईल. पण A दोनदा लावणं म्हणजे A² लावणं, आणि A² तर शून्य आहे. तो कोणत्याही सदिशाचं शून्यच करतो. म्हणून २५v = ० आणि पर्यायाने v = ०. पण v शून्य नाही हे तर आपण आधीच ठरवलं होतं. दावा कोसळला. पाचाऐवजी −३ घ्या, १/२ घ्या, काल्पनिक संख्या घ्या, तीच गत होईल. शून्य सोडून दुसरी कोणतीही संख्या इथे टिकत नाही.

दोनाच्या जागी कोणताही घात k घेतला तरी युक्तिवाद एका ओळीत बसतो:

```
Av = λv  ⟹  Aᵏv = λᵏv ,  पण Aᵏ = ० ,  म्हणून λᵏv = ०
```

v शून्य नाही, म्हणून λᵏ शून्य असलाच पाहिजे. आणि λ ही तर संख्या आहे. संख्येचा घात शून्य असेल तर ती संख्याच शून्य. मॅट्रिक्सला जी पळवाट मिळते ती संख्येला मिळत नाही, म्हणून λ = ०. इथे निश्चयक काढावा लागला नाही, समीकरण सोडवावं लागलं नाही, हे मला या सिद्धतेचं सर्वांत मोठं सौंदर्य वाटतं.

तरीही परीक्षेतल्या रीतीने पडताळा घ्यायचा असेल तर A − λI चा निश्चयक मांडा: (२ − λ)(−२ − λ) + ४. कंस सोडवले की उरतो फक्त λ². त्याची दोन्ही उत्तरं शून्य.

एक शंका मात्र उरते. शून्याखेरीज दुसरी आयगेनव्हॅल्यू नाही हे कळलं, पण शून्य तरी आहे का? आहे. आपल्या मॅट्रिक्सला कोणताही (x, y) दिला तर तो (१, २) ला २x − y ने गुणून परत देतो. (३, १) दिला तर (५, १०) येतो. सगळं प्रतल (१, २) मधून जाणाऱ्या एका रेषेवर येऊन पडतं. आता (१, २) वरच A लावा: २ − २ = ० आणि ४ − ४ = ०. म्हणजे पहिल्या फेरीत प्रतलाची रेषा होते आणि दुसऱ्या फेरीत त्या रेषेचा बिंदू. (१, २) हाच शून्याचा आयगेनव्हेक्टर. कोणत्याही निलपोटंट मॅट्रिक्समध्ये शेवटच्या फेरीआधी उरलेला सदिश असाच सापडतो.

इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात: सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य, तर मॅट्रिक्सही शून्यच असणार. आपला A च त्याला उत्तर आहे. तो निष्कर्ष खरा ठरायला पुरेसे आयगेनव्हेक्टर लागतात; दोन परिमाणांत दोन वेगवेगळ्या दिशांचे. A कडे (१, २) ही एकच दिशा आहे, म्हणून त्याचं कर्णरूपात रूपांतर होऊ शकत नाही.

उलट दिशेचं विधान खरं आहे: सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य असतील तर मॅट्रिक्स निलपोटंट असतंच. मात्र ‘सगळ्या’ म्हणताना काल्पनिकही मोजायला हव्यात. उभ्या अक्षाभोवती सपाट प्रतल ९० अंशांनी फिरवायचं आणि उंची पुसून टाकायची, असं ३×३ मॅट्रिक्स घ्या. त्याची वास्तव आयगेनव्हॅल्यू एकच, शून्य. पण i आणि −i या आणखी दोन आहेत, आणि ते प्रतल कितीही वेळा फिरवलं तरी नाहीसं होत नाही.

संगणकावर हा विषय आणखी नाजूक होतो. मुख्य कर्णाच्या लगेच वरच्या तिरक्या ओळीत नऊ वेळा १ आणि बाकी सगळीकडे शून्य असं १०×१० मॅट्रिक्स निलपोटंट असतं. त्याचा दहावा घात शून्य. आता खालच्या डाव्या कोपऱ्यात शून्याऐवजी ०.००००००००0१, म्हणजे एक भागिले एक हजार कोटी, एवढी चूक शिरली असं समजा. आयगेनव्हॅल्यूचं समीकरण λ¹⁰ = १०⁻¹⁰ असं होतं आणि दहाही आयगेनव्हॅल्यू शून्यापासून थेट ०.१ अंतरावर जाऊन बसतात, वर्तुळावर समान अंतराने. आकडेमोडीतली पूर्णांकन-चूकही असाच परिणाम घडवू शकते. म्हणून शून्याभोवती वर्तुळात मांडलेल्या छोट्या आयगेनव्हॅल्यू पडद्यावर दिसल्या तर लगेच मॅट्रिक्स निलपोटंट नाही असं ठरवू नका. आकडे पूर्णांक असतील तर मॅट्रिक्सचे घात पूर्णांकांतच काढा. n×n मॅट्रिक्स निलपोटंट असेल तर n व्या घातापर्यंत ते शून्य होतंच. तोवर झालं नाही तर पुढे कधीच होत नाही.