हमीभाव कोणत्या टेबलात?

अमरावती विद्यापीठाशी जोडलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत डेटाबेस शिकणाऱ्या मुलांना एक प्रश्न ओळखीचा असतो. टेबल दिलेले असते आणि ते सेकंड नॉर्मल फॉर्ममध्ये आणायचे असते. बहुतेक जण लगेच टेबलाचे तुकडे पाडू लागतात. तुकडे बरोबर पडतातही, पण ते का पाडले हे उत्तरात दिसत नाही, आणि परीक्षकाला पाहायचे असते ते नेमके तेच.

उदाहरणासाठी खामगावच्या बाजार समितीसारखी आवक-नोंद घेऊ. एका पावतीवर शेतकरी एकापेक्षा जास्त माल आणू शकतो. हमीभाव 2024-25 हंगामाचे खरे आहेत, बाकी आकडे समजण्यापुरते.

```
पावती  माल  शेतकरी  गाव     मालनाव    हमीभाव  क्विंटल  भाव
101   S1   F7     मोताळा   सोयाबीन   4892   12    4150
101   T1   F7     मोताळा   तूर       7550    3    7300
102   S1   F9     नांदुरा   सोयाबीन   4892    8    4230
103   S1   F7     मोताळा   सोयाबीन   4892    5    4100
```

प्रत्येक चौकटीत एकच किंमत आहे, म्हणून टेबल फर्स्ट नॉर्मल फॉर्ममध्ये आहे. उत्तराची पहिली ओळ ही. त्यानंतर कशावरून काय ठरते ते लिहायचे:

```
पावती → शेतकरी, गाव
शेतकरी → गाव
माल → मालनाव, हमीभाव
पावती, माल → क्विंटल, भाव
```

खरी परीक्षा इथेच आहे. भाव आणि हमीभाव दोन्ही रुपयांतच, दोन्ही क्विंटलमागे, तरी एक मालावरून ठरतो आणि दुसरा नाही. हमीभाव केंद्र सरकार मालासाठी जाहीर करते. पावती कोणाचीही असो, त्या हंगामात सोयाबीनला 4892 च. भाव मात्र लिलावात ठरतो. ओलावा, कचरा, दाण्याची प्रत पाहून बोली लागते, म्हणून S1 चे तीन भाव दिसतात. समजा योगायोगाने तिन्ही पावत्यांना 4150 च मिळाले असते, तरीही माल → भाव असे लिहिता आले नसते. समोरच्या ओळी एखादे अवलंबन खोटे पाडू शकतात, खरे ठरवू शकत नाहीत. ते बाजाराच्या नियमावरून किंवा प्रश्नात दिलेल्या वाक्यावरूनच येते.

आता की. एकट्या पावतीवरून शेतकरी आणि गाव मिळते, माल मिळत नाही. एकट्या मालावरून मालनाव आणि हमीभाव, एवढेच. दोन्ही एकत्र घेतले की सगळे स्तंभ हाती येतात, म्हणून कॅन्डिडेट की (पावती, माल). दुसरी कोणती की नाही, कारण हे दोन स्तंभ कुठल्याच बाणाच्या उजवीकडे येत नाहीत. हे कारण उत्तरात लिहावे. उरलेले सहा स्तंभ नॉन-प्राइम. त्यातले शेतकरी, गाव, मालनाव, हमीभाव कीच्या अर्ध्या भागावरच ठरतात. हीच आंशिक अवलंबने. क्विंटल आणि भाव यांना पूर्ण की लागते.

कीचा जो भाग स्वतः काही ठरवतो, त्याचे वेगळे टेबल करायचे. पूर्ण की आपल्या स्तंभांसह तिसऱ्यात राहते:

```
पावत्या(पावती, शेतकरी, गाव)         की: पावती
मालयादी(माल, मालनाव, हमीभाव)       की: माल
तपशील(पावती, माल, क्विंटल, भाव)     की: पावती, माल
```

तिसरे टेबल विसरणारे पुष्कळ असतात, आणि मग कोणत्या पावतीवर कोणता माल आला हेच हरवते. ओळी मोजून ताळा करता येतो: पावत्यात तीन, मालयादीत दोन, तपशिलात पूर्वीच्याच चार. सामाईक स्तंभ पावत्या आणि मालयादीत की आहेत, म्हणून जोडल्यावर जादा ओळ तयार होत नाही. फायदाही एका वाक्यात लिहावा. हरभऱ्याची पहिली पावती फाटण्याआधीच त्याचा हमीभाव मालयादीत नोंदवता येतो. जुन्या टेबलात पावतीशिवाय ओळच बनत नव्हती.

शेतकरी → गाव हे अवलंबन पावत्यांमध्ये अजून आहे. ते तसेच राहू द्यावे. तो थर्ड नॉर्मल फॉर्मचा विषय, आणि प्रश्न दुसऱ्यापर्यंतचाच आहे.

याच प्रश्नाला हुशार परीक्षक एक पुरवणी जोडू शकतो: टेबलात पुढच्या हंगामाच्या पावत्याही आल्या तर? 2025-26 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 5328 झाला. आता S1 वरून एकच आकडा मिळत नाही, माल → हमीभाव मोडते आणि हंगाम हा स्तंभ लागतो. पावतीवरून हंगाम ठरतो, पण हमीभावासाठी हंगाम आणि माल दोन्ही हवेत. म्हणजे कीचा कोणताही एक भाग आता हमीभाव सांगू शकत नाही. हंगाम पावत्यांमध्ये जातो, आणि हमीभाव मालयादीतून निघून तपशिलात, भावाच्या शेजारी येऊन बसतो. सेकंड नॉर्मल फॉर्मला त्यावर काही हरकत नाही.